रिंग की व्हॉल्व्ह

कोपरला रतन म्हात्रेचं गॅरेज होतं आणि दर्शना, त्याची बायको, तिथं त्याच्या बरोबरीने पाने फिरवायची. एका मोटरसायकल-कंपनीचा सर्व्हिस पॉइंट त्यांना मिळत होता, पण अट अशी की दोन प्रमाणपत्रवाले मेकॅनिक हवेत. म्हणून दोघंही खोपटच्या ट्रेनिंग सेंटरवर परीक्षेला आलेले.

सकाळचा लेखी पेपर रतनला सोपा गेला. कार्ब्युरेटर काय करतो, क्लच घसरायला लागला तर कसं कळतं, असले प्रश्न. एका प्रश्नावर मात्र तो थांबला. कंप्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, कमी आहे, सिलिंडरमध्ये थोडं तेल टाकून पुन्हा मोजलं तरी गेजचा काटा वाढत नाही, तर दोष कुठे, पिस्टनच्या रिंगमध्ये की व्हॉल्व्हमध्ये? दर्शनाने घरी हे त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. त्याने ‘व्हॉल्व्ह’वर खूण केली.

दुपारी प्रॅक्टिकल. परीक्षक योगिनी मॅडम हातात गुणपत्रक घेऊन उभ्या होत्या. “गाडी चालू होत नाहीये. कारण शोधा, दुरुस्त करा. पाऊण तास आहे,” त्या म्हणाल्या.

रतनने किक मारली. पाय हवेत गेल्यासारखा खाली गेला, काही जोरच नाही. वीस-बावीस वर्षांच्या कानाने आणि पायाने लगेच निकाल दिला.

“मॅडम, रिंग गेलीय.”

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. रतनने सायलेन्सरचे नट सोडवले. आता कार्ब्युरेटर काढायचा, मग इंजिनाचं हेड. पाना हातात असतानाच त्याला सकाळचा प्रश्न आठवला. रिंग गेलीय हे आपण मोजलं कुठे? पायाने ठरवलं नुसतं.

तो थोडा शरमला. मग नट पुन्हा लावून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. पेट्रोल येतंय, प्लगला ठिणगी आहे. प्लगच्या जागी कंप्रेशन गेज लावून किक मारली, तर काटा जेमतेम हलला. चमचाभर तेल टाकून परत मारली. काटा तिथेच. रिंग असती तर तेलाने फट बुजून काटा वाढला असता.

त्याने व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटची झाकणं काढली. इनटेकचा व्हॉल्व्ह उघडून मिटेपर्यंत इंजिनाचं चाक फिरवलं आणि पिस्टन वर आल्याची ‘टी’ची खूण जुळवली. इनटेकच्या फटीत अंतर मोजायच्या फीलर गेजचं पातं सरकलं, एक्झॉस्टच्या फटीत शिरेना. कुणीतरी स्क्रू इतका आवळलेला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नव्हता. लॉकनट सैल करून त्याने मापाचं अंतर ठेवलं, नट आवळला आणि आवळताना अंतर बदललं तर नाही ना, ते पुन्हा बघितलं. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली.

बाहेर आलेल्याने आत जाणाऱ्याशी बोलायचं नाही, असा नियम होता. दर्शना ओढणी कमरेला खोचत त्याच्या शेजारून गेली. “रिंग नाही गं” एवढेच शब्द ओठांवर आलेले, ते त्याने गिळले. आत दुसरी गाडी उभी होती. तिच्यात काय बिघडवलंय, कोण जाणे.

बाकावर बसून तो कान देत राहिला. एक किक. मग बराच वेळ शांतता. पुन्हा दोन किका, आणि परत शांतता. चुकली की काय, असं वाटून तो उठला, बसला. मग आतून इंजिनचा एकसारखा, निवांत आवाज आला आणि त्याच्या खांद्यांतला ताण उतरला.

संध्याकाळी मॅडमनी दोघांना गुणपत्रकं दाखवली. रतनला शंभरात एकाहत्तर. सुरक्षा, हत्यारांची निवड, दुरुस्ती, सगळं चांगलं. ‘निदानाचा क्रम’ या रकान्यात तीसपैकी बारा. दर्शनाला अठ्ठ्याऐंशी, आणि त्याच रकान्यात अठ्ठावीस.

“पास व्हायला साठ लागतात. दोघंही पास,” मॅडम म्हणाल्या. “म्हात्रे, तुम्ही मध्येच थांबलात म्हणून वाचलात. हेड उघडलं असतं तर इथे शून्य द्यावं लागलं असतं.”

“बरोबर आहे मॅडम.”

एसटी डेपोपर्यंत दोघं चालत निघाले. दर्शनाने विचारलं, “अहो, तुमचे तिथे गुण कशाने गेले?”

“किक मारली आणि रिंग सांगून मोकळा झालो.”

“मलापण पहिल्यांदा रिंगच वाटली,” ती म्हणाली. “पण माझ्या अंदाजावर माझा एवढा भरवसा नाही, म्हणून मोजलं, तर रिंग नव्हतीच.”

त्याला हसू आलं, आणि मनापासून बरं वाटलं. “सर्व्हिस पॉइंट सुरू झाला ना, की गिऱ्हाइकाची गाडी आधी तू बघायची,” तो म्हणाला. “तू सांगशील तेच मी उघडणार.”

“आणि मी चुकले तर?”

“तर दोघं मिळून परत मोजू.”

कोपऱ्यावर वडापावची गाडी होती. त्याने दोन सांगितले. दर्शना म्हणाली, तीन सांगा, मला आज जाम भूक लागलीय.