रासाला घरी

जोनाली नदीतल्या माजुली बेटावरची. शिकायला गुवाहाटीत, हॉस्टेलवर. बाबा महिन्याला सहा हजार पाठवत. हॉस्टेलचे पंधराशे, मेसचे सत्तावीसशे, पुस्तकांचे नऊशे आणि सिटी बसचे सहाशे गेले की उरत तीनशे. घरी जाऊन यायला मात्र आठशे लागत. यंदा गावच्या रासात, म्हणजे कृष्णलीलेच्या नाटकात, बाबा पहिल्यांदाच कंस होणार होते, आणि तिला डोळे मिटले की नदीवरचं धुकं दिसे.

"अगं येडे, घरी गेलीस तर सात दिवस इथे जेवणार नाहीस, मग मेसचे पैसे कशाला भरतेस?" खोलीतली बंदनाताई म्हणाली. "आधी अर्ज दे. दिवसाला नव्वद कमी होतात."

सहाशे तीस! जोनालीने तेव्हाच अर्ज लिहिला. वॉर्डनबाईंनी सही केली, आणि महिनाअखेरच्या बिलातून सात दिवस वगळले.

अर्ज दिल्याच्या चौथ्या दिवशी तिची फेरीबोट धुक्यातून अशी सरकत होती, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. रात्री मृदंग घुमले. कधी आवाज न चढवणारे बाबा काळ्या मिशा लावून गरजले, आणि गर्दीत बसलेल्या लेकीला पाहून क्षणभर हसले.

"कंस हसतोय बघा!" कुणीतरी ओरडलं.