खड्याची मानकरीण

दिपालीच्या कमरेत कळ उठली आणि जळफळाट झाला विजयमालाचा. कारण काय, तर सासूनं, भिवराबाईनं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "मुतखडा हाय! थोरलीला झालता तसाच!"

तसाच? विजयमालाच्या हातातली भाकर तव्यावर करपली. अगं बाई, तसाच कसा असंल? मुतखडा हा विजयमालाचा होता. तेलगावच्या अलीकडच्या त्या वस्तीत कुणाच्या पोटात दुखलं की लोक तिलाच विचारायला यायचे, "विजामाय, तुमचं कसं झालतं ओ?" मग ती पदर खोचून बसायची आणि सुरुवातीपासून सांगायची. ज्वारीच्या दाण्याएवढा तो खडा तिनं गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत जपून ठेवला होता. या घरात दहा वर्षं राबून तिला स्वतःचं असं काही मिळालं असेल तर तेवढंच. आता धाकट्या जावेला त्यातही वाटा पाहिजे!

बरं, तिच्या वेळी काय झालं होतं? ती भुईवर गडबडा लोळत होती. कळ आली की भिंतीला डोकं लावायची, गेली की घाम पुसून पुन्हा चुलीपुढं. सासू म्हणाली, "गॅस झालाय, ओवा खा." नवरा अंगद नेकनूरच्या बाजारला गेला तो बैल बघूनच परत आला. तिला दवाखान्यात नेलं ते दुसऱ्या दिवशी, तेही शेजारणीनं शिव्या घातल्यावर.

आणि इथं? इथं बजरंग बायकोचे पाय चेपत बसलेला. भरल्या घरात, दिवसाढवळ्या! भिवराबाई स्वतः पानफुटीची पानं खुडून आणतेय, कुळथाचं पाणी उकळतेय. वरून विजयमालाच्या फळीवरच्या उरलेल्या दुखण्याच्या गोळ्याही काढून दिल्या, तिला न विचारता. गोळी घेतली की दिपालीला घाम फुटायचा, कळीबरोबर चढलेला ताप उतरायचा, आणि सगळे म्हणायचे, बघा, खडा सरकला. चार-पाच तासांनी ताप पुन्हा चढायचा.

विजयमाला मात्र डोळ्यांत तेल घालून बघत होती. मायेनं नव्हे हो, चोरी पकडायला! ढोंग कुठंतरी उघडं पडणारच, असं तिला वाटत होतं. दाराच्या फटीतून बघायची, पाणी द्यायच्या निमित्तानं आत जाऊन बघायची. आणि तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. ही लोळत नाही. उलट लाकडासारखी पडून राहते, हलवलं तर कण्हते. हिची कळ येत नाही नि जात नाही, उजव्या बरगडीखाली पाठीत ठाण मांडून बसलीय. दोन गोधड्या घालूनही दात वाजतात. घटकेघटकेला उठते, अंगणातल्या संडासापर्यंत जाववत नाही म्हणून मोरीतच जाते आणि दात-ओठ आवळून "आई गं, आग होती" म्हणते, पण होतं मात्र थेंबभर.

"आत्याबाई, हा खडा न्हाई," ती ओसरीवर येऊन म्हणाली. "खडा मला ठाऊक हाय. मला एवढं हीव भरून आलतं का? मी अशी गुमान पडले होते का?"

"तुला कावून एवढं झोंबतंय?" भिवराबाई फटकन बोलली. "तिला झाला तर तुझा कमी होतोय का?"

विजयमालाच्या अंगाची लाहीलाही झाली. "मग चला की दवाखान्यात! मशीनवर दाखवा. खडा निघाला तर जन्मभर तोंड उघडणार न्हाई मी. बजरंगभाऊ, काढा गाडी. मी येते संगं. माझ्या कानानं ऐकायचंय मला."

तिला एकच ऐकायचं होतं, की हिला खडा नाही. बस्स. ते ऐकण्यासाठी ती मोटारसायकलवर सगळ्यात मागं बसली, दिपालीला मध्ये धरून. निम्म्या वाटेत दिपालीची मान तिच्या खांद्यावर पडली. पोरीची पाठ चोळीतून तव्यासारखी तापलेली. विजयमाला पहिल्यांदा घाबरली. पण घाबरल्यानं जळणं थांबत नाही. बजरंग वळूनवळून विचारत होता, "दिपे, बरं वाटतंय ना?" आणि विजयमालाला अंगदची पाठमोरी, बैल बघायला निघालेली चाल आठवत होती.

तेलगावच्या डॉक्टरबाईंनी आधी सगळं विचारून घेतलं. मग दिपालीच्या पाठीवर, डावीकडं बरगडीखाली, मुठीनं हलकेच ठोकलं. काही नाही. उजवीकडं ठोकलं तशी दिपाली किंचाळली. लघवी बाटलीत आणली तर गढूळ, वास मारणारी. तपासणीत पू निघाला. पोटुशी आहे का तेही पाहिलं, नव्हती. मग सोनोग्राफी झाली.

"खडा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हनलं नव्हतं!" विजयमालानं मांडीवर थाप मारली. जिंकली की हो!

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "खुश होऊ नका. लघवीच्या पिशवीतले जंतू वर चढून मूत्रपिंडात गेलेत. खड्याची कळ लाटेसारखी येते-जाते, माणूस तळमळतो, पण एकट्या खड्यानं असा थंडी वाजून ताप येत नाही. हिची नाडी पळतेय, ब्लडप्रेशर उतरलंय. उद्यावर ढकललं असतं तर विष रक्तात भिनलं असतं. आणि खडा अडकून वर हे झालं असतं, तर मी इथं ठेवलंच नसतं. वाट मोकळी करायला लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं. घरी काय दिलं होतं?"

"कुळथाचं पाणी," बजरंग पुटपुटला. "आन् वैनीच्या उरलेल्या गोळ्या."

"त्यांनी ताप झाकला, जंतू तसेच राहिले. अशात त्या गोळ्या मूत्रपिंडाला वाईट. पुन्हा द्यायच्या नाहीत." बाई लिहितच बोलत होत्या. जंतू कोणता ते कळायला लघवी पुढं तपासायला पाठवली, मग शिरेतून सलाईन आणि औषध सुरू केलं. "पाणी कमी पितेस का गं? लघवी दाबून धरतेस?"

दिपालीनं मान खाली घातली. संडास अंगणात, ओसरीसमोर, आणि ओसरीवर दिवसभर मामंजींची बैठक. नव्या सुनेनं सगळ्यांदेखत डबा घेऊन किती वेळा जायचं?

"पीत न्हाई ती," उत्तर विजयमालानं दिलं. "मीबी पीत नव्हते."

"मग कुणाला खडा, कुणाला जंतू, दुसरं काय होणार!" बाई म्हणाल्या.

पहिल्या दिवशी ताप हटेना. विजयमाला उशाशी बसून राहिली, कारण बजरंगला बायकांच्या वॉर्डात थांबू देईनात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हीव थांबलं. दिपालीनं चहा मागितला आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला सांगू लागली, "ह्या माझ्या जाऊबाई. ह्यांनी ओळखलं म्हणून मी वाचले. लई जीव हाय त्यांचा माझ्यावर."

विजयमालाला ते सहन होईना. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. म्हातारीचा डोळा लागला तशी ती दिपालीच्या कानाशी वाकली. "खोटं कावून बोलतीस? जीवबीव काही न्हाई. जळत होते मी. तुझा नवरा तुझे पाय चेपतो म्हणून जळत होते. खडाबी तुला द्यायचा नव्हता मला. तुझं ढोंग हाय असं वाटलं, म्हणून बघत होते."

दिपालीनं चहाचा घोट घेतला. तिला काही नवल वाटलेलं दिसलं नाही.

"ठाऊक हाय की," ती म्हणाली. "दाराच्या फटीतनं तुमचा डोळा दिसायचा मला. हे माझे पाय चेपत होते, पण मोबाईल बघत. आत्याबाई पानं चुरत होत्या, पण बोलत होत्या शेजारणीशी. माझ्याकडं बघत फक्त तुमीच होतात, जाऊबाई."

 विजयमालाच्या खड्याच्या वेळी जळायलासुद्धा कुणी तिच्याकडं बघितलं नव्हतं. तिनं नाक ओढलं, तांब्या उचलला आणि पेला काठोकाठ भरून दिपालीपुढं धरला.

"पी," ती म्हणाली. "सगळं पी. मी बघते."