समोरचा कोपरा

सरांनी आजही तिला गुंगारा दिला होता. ती जिना चढून वर आली तेव्हा ते ग्रंथालयाच्या दारात उभे होते, काखोटीला फाइल, हातात चष्मा. तिने "सर!" अशी हाक मारली आणि ग्रंथालयाकडे वळली. ती तिथे पोहोचेपर्यंत सर पुढचा कोपरा वळून दिसेनासे झाले. त्यांच्या खोलीला कुलूप होतं. पुढे संगणकाच्या खोलीतही कोणी नव्हतं. पूर्ण फेरी मारून ती पुन्हा जिन्यापाशी आली, तर सर मघाच्याच जागी, ग्रंथालयाच्या दारात, जणू हललेच नव्हते.

पुन्हा त्यांच्यामागे जायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती जिन्याजवळच्या बाकावर बसली.

गणित विभाग इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता. मधे उघडा चौक, त्याच्या चारी बाजूंनी कठडा, कठड्याला लागून व्हरांडा. एका कोपऱ्यात जिना, दुसऱ्यात ग्रंथालय, तिसऱ्यात सरांची खोली, चौथ्यात संगणकाची खोली. चालत निघालं की माणूस परत निघाल्या ठिकाणी येतो, अशी रचना. आणि खाली उतरायला जिना एकच.

"मॅडम, आज किती फेऱ्या?" स्टुलावरून शिपाई म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय का चालायला?"

"तुमच्या साहेबांनी सांगितलंय."

"ते पण सकाळपासून चालतायत. तब्येती सुधारतील हो दोघांच्या," म्हणत त्याने वर्तमानपत्र उलटलं.

विभागात सगळे तिला 'थोरली' म्हणत. सरांच्या हाताखाली प्रबंध करणाऱ्यांत तीच वयाने मोठी. तिच्यामागून आलेली मुलं पदव्या घेऊन कामालाही लागली; ती मात्र सकाळी कॉलेजात शिकवून दुपारी इथे येत राहिली. पिशवीत प्रबंध तयार होता. पहिल्या पानावर मार्गदर्शकाची सही तेवढी बाकी होती. महिनाअखेर सर निवृत्त होत होते. त्याआधी सही झाली नाही, तर नवा मार्गदर्शक, नव्याने मंजुरी, आणखी कितीतरी महिने. पदवी मिळाली की तिची नेमणूक कायम होणार होती, आणि मग धाकट्या बहिणीने हॉस्पिटलातली रात्रपाळी सोडायची, असं घरात आईच्या समोर ठरलं होतं.

तीच धाकटी आता जिना चढून येत होती, डोळे सुजलेले, हातात डब्याची पिशवी.

"झाली सही?"

"सापडतच नाहीत. मी इकडून गेले की ते तिकडून जातात."

"अगं, साठीचा माणूस तो! तुला सापडत नाही?" धाकटी धपकन शेजारी बसली. "तुझा प्रबंध पाठलागावरच आहे ना गं? हसतील लोक."

"त्यात तेच लिहिलंय. एकट्याने पाठलाग केला तर इथे कोणी सापडणार नाही."

"मग झाडावर वगैरे सापडतो ते? तू आईला सांगत होतीस."

थोरलीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले. सांगायचा कंटाळा आला होता, पण धाकटीला सांगताना तिचं डोकं नेहमी जरा जागेवर येई.

"बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. एका बिंदूवर पोलीस, एकावर चोर. दोघं एकमेकांना दिसतात. आळीपाळीने खेळायचं, एका वेळी एका रेघेवरून शेजारच्या बिंदूवर जायचं, नाहीतर आहे तिथे थांबायचं. पोलीस चोराच्या बिंदूवर पोहोचला की खेळ संपला. आता रेघांचं झाड असेल, म्हणजे फांद्या फुटत जातात पण पुन्हा कुठे एकमेकींना मिळत नाहीत, तर पोलिसाने फक्त चोराच्या दिशेने जात राहायचं. चोराला पोलिसाला ओलांडून मागे येता येत नाही, कारण दुसरी वाटच नाही. त्याची जागा आक्रसत जाते. शेवटी टोकाला अडकतो."

"आणि गोल असेल तर?"

"तीन बिंदूंचा असेल तर लगेच सापडतो, सगळेच एकमेकांचे शेजारी. चार किंवा जास्त असले की चोर समोरच्या बाजूला राहतो. तू एक पाऊल, तो एक पाऊल. जन्मभर."

"हे तर मलाही कळलं. मग तू एवढी वर्षं काय केलंस?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर तिला राग आला असता.

"मधली जाळी शोधली. ज्यात गोल आहेत, पण तरी एक पोलीस पुरतो. त्याची युक्ती सावलीची. समज, एका बिंदूचे जेवढे शेजारी, ते सगळे दुसऱ्या एका बिंदूचेही शेजारी आहेत. मग पहिला बिंदू पुसून टाकायचा. चोर त्यावर गेला तर त्याची सावली दुसऱ्यावर पडली असं मानायचं. उरलेल्या लहान जाळ्यात पोलीस सावलीला पकडतो. आणि सावली सापडली की पुढच्या चालीत चोर सापडतोच, कारण..."

ती थांबली.

समोर, चौकाच्या पलीकडे, सर खोलीचं कुलूप काढत होते. तिच्या अगदी समोरचा कोपरा. त्यांच्या एका हाताला ग्रंथालय, दुसऱ्या हाताला संगणकाची खोली. तिच्याही एका हाताला ग्रंथालय, दुसऱ्या हाताला संगणकाची खोली. त्यांचे शेजारी तेच तिचे शेजारी. म्हणजे तिच्या चौथ्या प्रकरणाप्रमाणे सरांची सावली ती बसली होती त्या बाकावरच पडली होती. सावली सापडलेलीच होती. आणि सर तिकडे उभे होते, हातात किल्ली घेऊन, मधे सबंध चौक.

"कारण काय?" धाकटी म्हणाली.

"कारण ते दोन बिंदू एकमेकांचे शेजारी असतात," ती सावकाश म्हणाली. "असायला हवेत."

पिशवीतून तिने प्रबंध ओढून काढला. दुसरं प्रकरण: 'प्रत्येक बिंदू स्वतःचाही शेजारी धरला आहे.' बरोबर. असं धरलं की पहिल्या बिंदूच्या शेजाऱ्यांत तो स्वतःही येतो, म्हणून तो दुसऱ्याचाही शेजारी ठरतो, आणि युक्ती चालते. चौथं प्रकरण: 'सोयीसाठी यापुढे बिंदू स्वतःचा शेजारी धरलेला नाही.' तेव्हा एका मोजणीत सगळीकडे एक वजा करावा लागत होता, तो टळला म्हणून तिला केवढं बरं वाटलं होतं. आणि खाली तिने दुसऱ्या प्रकरणातली युक्ती जशीच्या तशी उचलली होती. मुख्य प्रमेय त्यावरच उभं होतं. त्या प्रमेयाप्रमाणे हा चार कोपऱ्यांचा व्हरांडासुद्धा एका पोलिसाच्या आवाक्यातला होता.

"ताई, तो बघ उघडतोय दार!" धाकटी उठली. "गोलावर दोघं पुरतात ना? मी तिकडून जाते, तू इकडून ये. जिन्याकडे यायला आपल्याला ओलांडूनच यावं लागेल त्याला. चल!"

"अगं, थांब."

पण धाकटी निघालीसुद्धा, संगणकाच्या खोलीच्या बाजूने, चपला फटफट वाजवत. शिपायाने वर्तमानपत्र खाली केलं. थोरली दुसऱ्या बाजूने निघाली. ग्रंथालयाचा कोपरा वळताना तिच्या लक्षात आलं की आपण मुद्दाम हळू चालतोय.

सरांनी एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे. मग कठड्याला टेकून उभे राहिले आणि चष्मा पुसू लागले.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"बहीण माझी."

"दोघीजणी म्हणजे अन्याय झाला हा," ते म्हणाले. हसले नाहीत. जवळून त्यांचा चेहरा ओढलेला दिसत होता.

"सर, एक सही," धाकटी धापा टाकत म्हणाली. "एवढी पळापळ कशासाठी हो? ताई रोज घरी येऊन पाय शेकत बसते."

सर थोरलीकडे पाहत राहिले. त्यांचं लक्ष तिच्या हातातल्या उघड्या प्रबंधाकडे गेलं, कोणतं पान उघडं आहे तिकडे.

"दिसलं तुला?" त्यांनी हळूच विचारलं.

"आत्ताच. त्या बाकावर बसल्या बसल्या."

"मला गेल्या आठवड्यात. इतकी वर्षं सुटी सुटी प्रकरणं वाचली. एकदाही सलग वाचलं नाही मी." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "चूक तुझी एकटीची नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझ्या घरचं मला ठाऊक आहे. तू समोर येऊन 'सर, सही' म्हणाली असतीस तर मी केली असती. परीक्षकांपैकी एक चाळून बघणारा, दुसरा आपला जुना मित्र. खपून गेलं असतं. सही करायची नव्हती आणि नाही म्हणायचं धैर्य नव्हतं, म्हणून फिरत होतो."

सरांच्या खिशाला पेन लावलेलं होतं. धाकटी आळीपाळीने दोघांकडे पाहत होती. काय बिघडलंय ते तिला कळलं नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय एवढं कळलं होतं. इतक्या जवळून तिच्या डोळ्यांखालचं काळं जास्त दिसत होतं.

"मागितलीस तर आताही करेन," सर म्हणाले. "सांग."

सही झाली असती तर खालच्या मजल्यावर प्रबंध दाखल करून दोघी घरी गेल्या असत्या. आईने शिरा केला असता. थोरलीने ते सगळं एकदा मनात नीट पाहून घेतलं. मग प्रबंध मिटला आणि पिशवीत ठेवला.

"नको."

सरांनी मान हलवली. सुटल्यासारखं वाटलं असावं त्यांना. पण तसं दाखवणं बरं दिसणार नाही, हेही कळत असावं.

"दुसरं प्रकरण शाबूत आहे," ते म्हणाले. "तिसरंही. चौथ्यात ती अट घाल आणि काय उरतं ते बघ. काहीतरी उरेल. कागदावर मार्गदर्शक म्हणून नाव दुसऱ्याचं लागेल, लागू दे. तू घरी येत जा. तिथून मी कुठे पळणार? घराला एकच दार, आणि दाराबाहेरची गल्ली पुढे बंद."

"म्हणजे झाड," थोरली म्हणाली.

"झाड कसलं, नुसती काठी."

परतताना दोघी बहिणी एकाच बाजूने आल्या. शिपायाने "झालं काम?" असं विचारलं आणि पाय जवळ घेऊन त्यांना वाट दिली. जिन्याच्या वरच्या पायरीवर धाकटी बसली, म्हणून थोरलीही बसली. डबा उघडला. भाजी गार झाली होती.

"म्हणजे आता?" धाकटीने विचारलं.

"चौथं प्रकरण गेलं. पुन्हा करायचं."

"करता येईल?"

"थोडंफार. आधी मी म्हणत होते तेवढं मोठं नाही होणार."

"आणि माझी रात्रपाळी?"

थोरलीने घास तसाच हातात धरला. धाकटीने तो तिच्या हातातून काढून तिच्या तोंडापुढे धरला.

"खा आधी. इतकी वर्षं केलीच ना. आणि हे बघ, सही घेऊन आली असतीस तरी तू झोपली नसतीस. तू झोपली नाहीस की मलाही झोपू देत नाहीस."

जेवण झाल्यावर थोरलीने प्रबंध मांडीवर घेतला. चौथं प्रकरण काढलं, पेन्सिलीने ओळीच्या शेवटी लिहिलं: 'आणि ते दोन बिंदू एकमेकांचे शेजारी असतील तर.' मग पुढची आकृती पाहिली. ही टिकते. त्यापुढची. ही नाही. पुढची पाहायला ती पान उलटणार, तोच धाकटीचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं. पेन्सिल घरंगळत दोन पायऱ्या खाली गेली. ती घ्यायला वाकलं असतं तर धाकटी जागी झाली असती. थोरली तशीच बसून राहिली, उघड्या पानावर हात ठेवून.