कंट्रोलवरची करंगळी

मॅकवर येऊन आठवडा झाला तरी माझी करंगळी ऐकायला तयार नव्हती. इतकी वर्षं विंडोजवर काढलेली. हात टेकले की ती आधी कोपऱ्यातल्या कंट्रोलवर जाऊन बसायची.

"ताई, इथे कमांड. अंगठ्यानं दाबायचं," शेजारच्या टेबलावरची डिझायनर पोरगी रोज सांगायची. ऑप्शन धरून बाण दाबला की कर्सर एकेक शब्द सरकतो, कमांड धरून दाबला की थेट ओळीच्या टोकाला. मी मान डोलवायची आणि पुन्हा सवयीनं कंट्रोल-ए दाबायची. सगळा मजकूर निवडला जाण्याऐवजी कर्सर निमूट ओळीच्या सुरुवातीला जाऊन उभा राहायचा. जळो मेलं ते यंत्र!

आम्ही औषधांची माहितीपत्रकं तयार करतो. त्या सकाळी साहेबांचा मेसेज आला: "मुलांचा डोस एक चमचा नाही, दोन करा." मूळ प्रतीत एकच होता. मी विचारलं, तर उत्तर आलं, "सांगितलं तेवढं करा."

उद्या अंगाशी आलं तर पुरावा हवा, म्हणून पडद्याचा फोटो काढायला कमांड, शिफ्ट, चार दाबलं आणि मेसेजभोवती चौकट ओढली. कॅमेऱ्याचा आवाज आला. एरवी कोपऱ्यात छोटं चित्र दिसतं, ते दिसलं नाही, पण आवाज आला म्हणजे झालं काम, असं मी धरून चालले.

मग डोसची ओळ बदलली. शिफ्ट-कमांड-उजवा बाण दाबून ती निवडली, कमांड-सी केलं, मागच्या पानावरच्या चौकटीत कमांड-व्ही. एकदाही चुकले नाही. मनाला पटत नव्हतं, तरी फाईल छापायला दिली. नोकरी होती.

छपाई चालू असतानाच पहिली प्रत पाहून औषध कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दुपारी त्या स्वतःच आल्या.

"एवढ्या डोसानं पोर दगावलं असतं. कोणी बदललं हे?"

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "मला तर काही कल्पनाच नाही."

मेसेज त्यांनी पुसला होता. "माझ्याकडे फोटो आहे," मी ठणकावून सांगितलं आणि डेस्कटॉप उघडला. तिथे काहीच नव्हतं.

डिझायनर पोरगी खाली वाकली. "ताई, करंगळी कंट्रोलवर होती का? मग फाईल होत नाही, फोटो नुसता कॉपी होऊन राहतो, दुसरं काही कॉपी करेपर्यंत. पेस्ट करा, येईल."

माझ्या जिवात जीव आला. कोरं पान उघडलं. त्यानंतर मी काय कॉपी केलं होतं, ते आठवायच्या आत अंगठ्यानं कमांड दाबली गेली होती. व्ही.

पानावर एकच ओळ उमटली: मुलांसाठी दोन चमचे, दिवसातून तीनदा.

"हे तुम्हीच टाईप केलंत ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. "मीच."