तेहतीसला एक्केचाळीस

बाबांनी पाठवलेल्या प्रत्येक फोटोत त्यांचा अंगठा असतोच. त्या दिवशीही नोंदवहीच्या पानाच्या कोपऱ्यात तो होता, नखात शाई अडकलेला. पान तिरकं, वरच्या ओळीवर खिडकीचा उजेड पडलेला. मी फोटो मोठा करून सहाच्या सहा जोड्या कागदावर उतरवून घेतल्या. डावीकडे धरणातल्या पाण्याची पातळी मीटरमध्ये, उजवीकडे गळती, सेकंदाला किती लिटर.

वीस – अकरा. बावीस – तेरा. चोवीस – पंधरा. सव्वीस – सतरा. अठ्ठावीस – एकोणीस. तीस – बावीस.

बाबा धरणावर मोजणीदार, मी शहरातल्या धरण-सुरक्षा कार्यालयात. धरण पहिल्यांदाच काठोकाठ, म्हणजे छत्तीस मीटरपर्यंत भरायचं ठरलं होतं. तेव्हा गळती किती होईल, हा आकडा साहेबांना संध्याकाळपर्यंत हवा होता. चाळीसच्या वर गेली तर भरणं थांबवायचं, असा नियम. धरणाच्या पायथ्याशी कर्मचाऱ्यांची साठ घरं आहेत. त्यातलं एक आई-बाबांचं.

आकडे मांडून रेघ बसवणं हे माझं रोजचं काम. ऑफिसात मला रेघवालीच म्हणतात. प्रत्येक बिंदू रेघेपासून वर-खाली किती चुकतो ते पाहायचं, त्या चुकांचे वर्ग करायचे आणि वर्गांची बेरीज सगळ्यात कमी होईल ती रेघ धरायची. उतार निघाला एक पूर्णांक शून्य सात. म्हणजे पाणी एक मीटर चढलं की गळती साधारण एक लिटरने वाढणार. छत्तीसला अंदाज अठ्ठावीस. सहसंबंध, म्हणजे बिंदू रेघेला किती धरून आहेत त्याचं माप, शून्य पूर्णांक नऊशे सत्त्याण्णव; एक म्हणजे अगदी सरळ.

"वा! एवढी सरळ रेघ मी जन्मात पाहिली नाही," साहेब म्हणाले.

"सर, बिंदू सहाच आहेत. आणि आपण तीसच्या पुढे सहा मीटर अंदाज करतोय, जिथे एकही मोजणी नाही. तिकडे रेघ वाकली तर आपल्याला कळणारसुद्धा नाही."

"मग खाली बारीक अक्षरात तसा शेरा लिहा." त्यांनी सही ठोकली. भरणं चालू राहिलं.

माझा जीव मात्र थाऱ्यावर येईना. जेवणाचा डबा उघडून मी तो कागद पुन्हा समोर घेतला आणि घास हातातच राहिला. अकरा, तेरा, पंधरा, सतरा, एकोणीस. दर वेळी नेमके दोन. पाणी असं शिस्तीत गळत नाही हो! खरी मोजणी थोडी इकडे, थोडी तिकडे होतेच. सरळ रेघेचं कौतुक कसलं करता, तिचीच भीती वाटायला हवी होती. आणि मलाच ती आधी वाटली नाही, याची लाज वाटली.

मी बाबांना फोन लावला.

"बाबा, खरं सांगा. खाली उतरला होतात का?"

गळती मोजायची खाच धरणाच्या पोटातल्या बोगद्यात आहे, दोनशे बारा पायऱ्या खाली. बाबांच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच हात टेकलेत.

"विसाला उतरलो होतो, सोबत अभियंता होता," ते म्हणाले. "तिसाला तपासणीवाले आले होते, त्यांच्याबरोबर जावंच लागलं. मधले... दोन मीटरला दोन धरले गं. दरवर्षी साधारण तेवढंच असतं."

"साधारण? बाबा, दोन बिंदूंतून रेघ जातेच! कोणत्याही दोन! त्यातून काही सिद्ध होत नाही. मी त्यावर साठ घरांचा आकडा काढून बसलेय, आणि तुम्ही..."

"निवृत्तीला चार महिने राहिलेत पोरी. वरच्यांना सांगितलं असतं तर मोजणीवरून काढलं असतं."

मी फोन आपटला. बापावर इतकी ओरडले नव्हते कधी.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास फोटो आला. एकच ओळ, अक्षर थरथरलेलं. तेहतीस – एक्केचाळीस. अंगठ्याला चिखल होता. मागोमाग आईचा फोन: "हे भिंतीला धरधरून उतरले. वर यायला दीड तास लागला. काय बोललीस तू त्यांना?"

मी धावत साहेबांकडे गेले. रेघेप्रमाणे तेहतीसला पंचवीस असायला हवे होते.

"हा बिंदू भलताच लांब पडलाय," साहेब म्हणाले. "म्हातारा चुकला असेल वाचताना. वगळा."

"वगळू नका, सर. धरून बघा." मी सातही बिंदू घालून रेघ पुन्हा बसवली. सहसंबंध शून्य पूर्णांक नव्वदच्याही खाली घसरला आणि छत्तीसला अंदाज आला एकोणचाळीस.

"बघा, तरी चाळीसच्या आत आहे!"

"सर, तेहतीसलाच एक्केचाळीस मोजलेत, आणि ही रेघ छत्तीसला एकोणचाळीस सांगतेय. पाणी वाढेल आणि गळती घटेल? ही रेघच खोटी आहे."

"सहा बिंदू एक सांगतायत, एक बिंदू वेगळं. मी कुणाचं ऐकू?"

आता बोलायलाच हवं होतं.

"त्या सहांतले चार बनावट आहेत. मोजलेलेच नाहीत. मोजणीदार माझे वडील आहेत, त्यांनीच मला सांगितलं."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे लिहून देता?"

मी लिहून दिलं. बापाचं नाव स्वतःच्या अक्षरात. हात कापला नाही, याचाच नंतर राग आला.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "मग जो माणूस चार आकडे घरबसल्या लिहितो, त्याचा पाचवा मी का मानू?"

"मानू नका. दुसरं कुणी पाठवा. आज."

दोन अभियंते दुपारी बोगद्यात उतरले. पातळी चौतीस, गळती शेहेचाळीस, आणि पाणी गढूळ. म्हणजे धरणाच्या पोटातली माती बाहेर येऊ लागली होती. तासाभरात दरवाजे उघडले, साठ घरं रिकामी झाली. पाणी उतरवायला नऊ दिवस लागले. धरण उभं राहिलं.

कुणी मेलं नाही, म्हणून कुणाला फारसं काही आठवतही नाही. बाबांना मात्र त्याच आठवड्यात निलंबित केलं. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर निरोपाचा हार नाही, चहा नाही. बोगद्याची किल्ली ते स्वतः कार्यालयात आणून देऊन गेले, माझ्या टेबलाकडे न बघता.

चौकशीचा अहवाल आला तेव्हा मी त्याची प्रत घेऊन त्यांच्याकडे गेले. शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं होतं. बाबा खाटेवर गुडघ्यांना शेक घेत बसले होते. आई मला पाणी देऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही.

"माझा तेहतिसाचा आकडा बरोबर होता ना?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत माझ्याशी काढलेले पहिले शब्द.

"बरोबर होता, बाबा. त्याच्यामुळेच सगळे वाचले."

"तसं लिहिलंय का यात?"

मी अहवालातला तक्ता उघडला. विश्वासार्ह मोजण्या तीन: वीस, तीस, चौतीस. त्याखाली, 'मोजणीदाराने एकट्याने नोंदवलेल्या, सबब अग्राह्य' या मथळ्याखाली पाच ओळी, प्रत्येकीवर आडवी रेघ मारलेली. तेहतीस – एक्केचाळीस त्यांत शेवटची.

बाबांचा चष्मा आत राहिला होता. त्यांनी कागदावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "कुठे आहे, दाखव."