तेलानं चकाकलेला पाय

समा भागातल्या त्या सोसायटीत कुणाच्या पोटरीत गोळा आला की पहिलं बोलावणं जिजाबाईंना जायचं. "गोटला चढी गया, जिजाबेनने बोलावो," असं शेजारच्या गुजराती बायका म्हणत, आणि जिजाबाई पदर खोचून निघत. निघताना घरातल्यांना ऐकू जाईल इतपत पुटपुटत, "डॉक्टरांकडे चकरा मारतात आणि शेवटी पाय माझ्याच मांडीवर आणून ठेवतात."

गुण यायचा, हे मात्र खरं. माणूस कळवळत असायचा, पोटरी हाताला दगडासारखी लागायची. जिजाबाई गुडघा सरळ दाबून धरत आणि पायाची बोटं नडगीकडे ओढत. झटका नाही, हिसका नाही, सावकाश. धरून ठेवलं की आतला गोळा हळूहळू विरघळायचा. मग दुसऱ्या दिवशी शिकवणी. भिंतीला दोन्ही तळवे टेकवायचे, एक पाय मागे न्यायचा, मागची टाच जमिनीवरून उचलायची नाही, गुडघा वाकवायचा नाही, आणि अंग पुढे झुकवायचं, पोटरीला ताण बसेपर्यंत. रोज झोपायच्या आधी, दोन्ही पायांना. "आणि पाणी प्या. ओट्याशी दिवसभर उभ्या राहता आणि घोटभर पाण्याला महाग. पोटरी रुसणार नाही तर काय करणार?"

हे त्यांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. शाळा त्यांनी तिसरीत सोडली. दोन्ही बाळंतपणांच्या वेळी पोटऱ्या वळायच्या, पुढे लग्नाकार्यांच्या जेवणांच्या ऑर्डरी घ्यायला लागल्या तेव्हा शेगडीपुढे उभं राहून वळायच्या. तिथे शिकल्या. डोकंही चालायचं त्यांचं. शेजारच्या कोकिलाबेनला रोज गोळे यायला लागले तेव्हा त्यांनीच विचारलं होतं, "हल्ली नवीन काय सुरू केलंस?" बीपीची, लघवी जास्त होणारी गोळी निघाली. "जा, डॉक्टरला विचारून ये." गोळी बदलली, गोळे थांबले. तेव्हापासून तर बाईंचं नाक जरा जास्तच वर.

अशा बाईच्या स्वतःच्या नवऱ्याचा पाय दुखायला लागला, तर ती बाहेर कुठे विचारणार?

जयवंतराव वीजमंडळातून निवृत्त झालेले. आजे-पणजे संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे दुखतंय असं तोंडानं म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. बारा-चौदा वर्षांची साखर, आणि विड्या त्याहून जुन्या. संध्याकाळी भाजी आणायला निघाले की कोपऱ्यावरच्या भाजीच्या हातगाडीपर्यंत पोचायला त्यांना तीन ठिकाणी थांबावं लागे. पहिल्यांदा सायकलवाल्यापाशी, मग मंदिराच्या कट्ट्याशी, मग कुणाच्या तरी फाटकाला हात लावून. जरा थांबले की परत नीट चालत, परत तेवढंच अंतर गेलं की थांबत.

"गप्पा मारायला माणूस शोधतात," जिजाबाई म्हणत. "घरात तोंडाला कुलूप, बाहेर बाजार भरवतात."

जयवंतराव नुसते हसत. उजवी पोटरी भरून येते, थांबलं की उतरते, एवढं सांगायलासुद्धा त्यांना लाज वाटायची.

मग रात्रीचं दुखणं सुरू झालं. आडवे पडले की पाऊल आणि बोटं ठणकायला लागायची. ते उठून पलंगाच्या कडेला बसत आणि पाय खाली सोडत. तेवढ्यानं जरा बरं वाटायचं. जिजाबाईंना जाग आली की त्या खवळत. "लोंबकळत काय ठेवताय? सगळं रक्त खाली उतरेल. वर घ्या." आणि दोन उशा रचून पाय वर ठेवायच्या, बोटं नडगीकडे ओढायच्या.

"अगं, वर घेतलं की जास्त कळ येते."

"पहिल्यांदा येतेच. ताण आहे तो. धीर धरा जरा, शिपायाच्या घरातले ना तुम्ही?"

बोटं ओढताना जिजाबाईंचा दुसरा हात पोटरीवर असायचा, सवयीनं. आणि हाताला गोळा लागायचाच नाही. पोटरी मऊ, सैल, गार. त्यांना ते कळलं होतं. इतक्या पोटऱ्या हाताखालून गेलेल्या बाईला न कळायला काय झालं? पण कुणाचा गोळा वर असतो, कुणाचा खोल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि तेल वाढवलं. सकाळ-संध्याकाळ, तिळाचं, कोमट करून.

महिन्याभरात पाय चकाकायला लागला. नडगीवरचे केस गेले, कातडी ताणल्यासारखी गुळगुळीत झाली, बल्बच्या उजेडात झळकायची. कोकिलाबेन आली होती ढोकळा द्यायला, तिला जिजाबाईंनी धोतर वर करून दाखवलं.

"बघ. सत्तरीच्या माणसाचा पाय आहे असं वाटतं का?"

"सरस," कोकिलाबेन म्हणाली. तिनं बोट लावून पाहिलं. "पण जिजाबेन, ठंडो केम छे?"

"तेल लावून पंख्याखाली बसले तर थंड नाही होणार?"

सून निरुपमा फतेगंजच्या शाळेत शिकवायची. ती दारातून म्हणाली, "आई, एकदा डॉक्टरांना दाखवू या बाबांना."

"दाखव की. मी मेल्यावर दाखव. तोवर मी आहे."

निरुपमा आत वळली. त्या घरात जिजाबाईंपुढे दुसरं वाक्य कुणी बोलत नसे.

पाय थंड, तर ऊब द्यायची. थंडीच्या दिवसांत जिजाबाईंनी रबरी पिशवीत कढत पाणी भरलं आणि फडक्यात गुंडाळून तळव्याशी ठेवली. "चटका बसला तर सांगा." जयवंतरावांना चटका बसला नाही. सकाळी मात्र करंगळीच्या खाली टपोरा फोड होता. जिजाबाईंनी हळद भरली, फडकं बांधलं. फोड फुटला. जखम काही भरेना. दिवाळीत हाताच्या बोटाला खरचटलेलं चार दिवसांत बुजलं होतं, ही महिना झाला तरी ओली ती ओलीच. मग करंगळी आधी जांभळी झाली, आणि एके दिवशी टोकाला काळी दिसली.

त्या दिवशी निरुपमानं शाळेत रजा टाकली, रिक्षा दारात आणून उभी केली आणि सासूकडे न बघता म्हणाली, "बाबा, चला." जिजाबाई निमूट रिक्षात बसल्या. इतक्या निमूट, की जयवंतरावांनीच विचारलं, "बरं वाटत नाही का तुला?"

डॉक्टर हेरंब गुप्ते रक्तवाहिन्यांचे. वयानं माधवएवढेच, म्हणजे जिजाबाईंच्या मुलाएवढे. त्यांनी आधी काही विचारलं नाही. पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली, मग घोट्याच्या आतल्या अंगाला ठेवली, बराच वेळ. मग पेनासारखं एक यंत्र जेली लावून ठेवलं. डाव्या पायावर त्यातून धप्-धप्, धप्-धप् आवाज आला, क्षीण असला तरी आला. उजव्या पायावर नुसती खरखर. डॉक्टर यंत्र इकडून तिकडे सरकवत राहिले. खोलीत ती खरखर, बाकी काही नाही.

मग त्यांनी पाय वर उचलून धरला. तळवा कागदासारखा पांढरा पडला. खाली सोडला, तर बघता बघता लालभडक झाला.

"मावशी, रात्री दुखायचं तेव्हा पोटरीत घट्ट गोळा लागायचा का हाताला?"

जिजाबाईंनी सुनेकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मऊ असायची."

"आणि पाय खाली सोडला की बरं वाटायचं?"

"हो," जयवंतराव म्हणाले. "ही वर ठेवायची."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच जिजाबाईंना सोसवेना.

डॉक्टर समजावत होते, निरुपमाकडे बघून, पण जिजाबाई शब्द न् शब्द ऐकत होत्या. रात्री अचानक पोटरी वळते, दगडासारखी होते आणि ताणली की सुटते, ते साधं. वयामुळे, उभं राहण्यामुळे, पाणी कमी पडल्यामुळे, काही गोळ्यांमुळे. ताण द्या, बरं होतं. पण चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, पाय गार पडतो, केस जातात, कातडी चकाकते, आडवं झालं की पाऊल ठणकतं आणि लोंबकळत सोडलं की शमतं, जखम भरत नाही, तिथे स्नायूचा दोष नाही. तिथे रक्तच पोचत नाही. विडी आणि साखर दोघींनी मिळून आतली नळी बुजवली आहे. पाय उंच ठेवला की उरलंसुरलं रक्तही मागे फिरतं. आणि साखरेनं कातडीची जाण बोथट होते, म्हणून पिशवीचा चटका कळला नाही.

"तेल?" जिजाबाईंनी विचारलं.

"तेलानं काही बिघडलं नाही, मावशी."

"चकाकत होता."

"तो तेलानं नव्हे."

दोन दिवसांनी मांडीतून तार घालून, तिच्या टोकाच्या फुग्यानं बुजलेली नळी उघडायचा प्रयत्न झाला. मांडीतली उघडली. गुडघ्याखाली तार पुढे सरकेना. नवी नस जोडायची तर खाली जोडायला धड जागा नाही, असं डॉक्टर म्हणाले. सहा महिने आधी आले असते तर, असं ते म्हणाले नाहीत. जिजाबाई वाट बघत होत्या, कुणीतरी म्हणेल. माधव हालोलच्या कारखान्यातली पाळी संपवून आला, तोही म्हणाला नाही. निरुपमानं चहा आणून दिला. एरवी त्या चहात साखर जास्त की कमी हे ऐकवल्याशिवाय त्यांचा घोट उतरत नसे. त्या दिवशी कप तसाच गार झाला.

हॉस्पिटलात हाताला काम नव्हतं. चोळायचं नाही, शेकायचं नाही, उशी लावायची नाही, ओढायचं तर मुळीच नाही. जयवंतराव कण्हायला लागले की जिजाबाईंचा हात आपोआप पायाकडे जायचा आणि अर्ध्या वाटेत थांबायचा. परिचारिका येऊन पलंगाचं पायथ्याचं अंग खाली करायची, औषध द्यायची, जायची. एवढंच.

करंगळीचा काळेपणा शेजारच्या बोटावर आला, मग पावलावर चढायला लागला. डॉक्टर गुप्ते पलंगाशी खुर्ची ओढून बसले. "वाट बघितली तर विष अंगात चढेल. गुडघ्याखालून काढला तर गुडघा वाचतो. पुढे नकली पाय लावून चालता येतं. तुम्ही घरात बोला, मला सांगा."

जयवंतरावांनी बायकोकडे पाहिलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत घरातला प्रत्येक निर्णय तिनं घेतला होता. मुलाचं लग्न, घडियाळी पोळच्या गल्लीतलं भाड्याचं घर सोडून समाला यायचं, कुठली भाजी, कुठला डॉक्टर.

"सांग," ते म्हणाले. "काय करायचं?"

जिजाबाईंचं तोंड उघडलं. माधव, निरुपमा, डॉक्टर, सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"मला नाही कळत," त्या म्हणाल्या. "अहो, मला काही कळत नाही त्यातलं."

जयवंतरावांनी डॉक्टरांकडे वळून अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "काढल्यावर रात्री झोप लागेल?"

"हे दुखणं जाईल. काही दिवस वेगळं दुखेल, ते आम्ही सांभाळू."

"मग काढा. चार महिने झाले नीट झोपून."

जिजाबाईंना वाटत होतं नवऱ्यानं एक तरी शब्द आपल्याला बोलावा. रागावावं, दोष द्यावा, एकदा तरी आवाज चढवावा. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, कायमच असायचं. पण जयवंतराव डॉक्टरांना विचारत होते की उद्या सकाळी होईल का, आणि सकाळी म्हणजे किती वाजता, आणि डॉक्टर सांगत होते. जिजाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन.