एकतीस सौदे

सोमवारी अर्ज उघडताच मी अक्षर ओळखलं. 'रंगराव, मुक्काम अमडापूर. जमिनीच्या खरेदी-विक्रीचा वीस वर्षांचा अनुभव. जमवलेले सौदे एकतीस.' माझ्या बाबांचा अर्ज होता तो.

चिखलीत मेहकर रस्त्याला अकोल्याच्या एका कंपनीनं प्लॉट पाडले होते. तिथल्या पत्र्याच्या ऑफिसात मी कारकून होते. मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, शिक्षकाची नोकरी तिकडे संग्रामपूरला. मी दहा महिन्यांच्या पोरीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून इथं यायची आणि दर तासाला मनात घरी जाऊन यायची. सासूबाईंना मी नोकरी करणं पसंत नव्हतं. ऑफिसात काही चुकलं तर घरी बसावं लागेल, ही धाकधूक कायमची.

प्लॉट विकायला एक माणूस हवा अशी जाहिरात कंपनीनं दिली होती. मॅनेजर भगवंतरावांनी मला कामाची रीत समजावून सांगितली होती. "अर्जातल्या अक्षरावर जायचं नाही, बाई. चार गोष्टी पाहायच्या. सौदे शेवटाला किती नेले. कशाचे नेले, शेताचे की घरबांधणीच्या प्लॉटचे. इथल्या भावाची जाण किती. आणि गिऱ्हाईक कसं सांभाळतो. जाहिरातीत जे मागितलंय त्याच्याशी ताडून मार्क द्यायचे." सौदा शेवटाला नेला म्हणजे दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं गेलं. नुसता इसार, म्हणजे बयाणा, दिलेला सौदा ते धरत नसत. प्लॉटचा इसार देऊन माणसं निम्म्यात पळतात, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून ज्यानं नुसता आकडा लिहिला असेल, त्याच्या अर्जावर मी पेन्सिलीनं लिहायची : 'खरेदीखतं किती? विचारणे.' तो माणूस आला की आधी ते विचारून घ्यायची.

बाबांच्या अर्जावर मी ते लिहिलं नाही. एकतीसला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि अर्ज ढिगात मधोमध सरकवला.

बाबांना हे काम का हवं होतं ते मला ठाऊक होतं. जास्तीची जमीन सरकारात घेणाऱ्या सीलिंगच्या कायद्याच्या धास्तीनं शेतीचे सौदे बंद पडले होते. दोन भाऊ भांडले की ज्यांना बोलावणं यायचं, ते बाबा आता दिवसभर हॉटेलच्या बाकड्यावर बसत. माझा भाऊ पंजाबराव जेवताना म्हणायचा, "आमच्या बाबाले आता चहाचेच सौदे जमतात." वहिनी हसायची. बाबा ताटाकडे बघत राहायचे. त्यांना घरातून सकाळी निघायला एक जागा हवी होती.

मुलाखतीला ते धुतलेलं धोतर नेसून आले. मी इथं काम करते हे त्यांना माहीत होतं. अर्ज माझ्याच हातात पडतात हे नव्हतं. मला पाहून ते क्षणभर थबकले. मग म्हणाले, "नमस्कार, बाई." मीही नमस्कार केला. बापानं मला बाई म्हणावं आणि मी ते चालू द्यावं!

भगवंतरावांनी त्यांना कॉलेजजवळच्या प्लॉटचा भाव विचारला. बाबांनी एकराचा सांगितला. चौरस फुटाचा विचारला, तर ते बोटांवर काही मांडायला लागले आणि थांबले. मग भगवंतराव म्हणाले, समजा मी हायस्कूलचा मास्तर आहे, मला हप्त्यानं प्लॉट घ्यायचाय, मला पटवा. बाबा पुढे सरकले, अगदी आपुलकीनं.

"मास्तर, तुम्ही किती भाऊ?"

"त्याचा काय संबंध?"

"तसं नाही साहेब. उद्या एखादा भाऊ आडवा आला तं? त्याची सही आधी घ्या लागते. आन् बहीण असंल तं तिलेबी इचारा लागते."

भगवंतराव हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. "अहो, मास्तर पगारातून प्लॉट घेतोय. भाऊ कुठून आले?" बाबाही हसले, त्यांच्याबरोबर असावं म्हणून. मी कागद चाळत बसले. माझ्या बापाला हे कळत नाही याची मला लाज वाटत होती, आणि ही लाज वाटतेय याची त्याहून जास्त.

मग भगवंतरावांनी अर्ज हातात घेतला. "एकतीस. बाई, याच्यावर तुमची पेन्सिल दिसत नाही. बाकी सगळ्यांना विचारलंत, यांना नाही?"

ते बाबांकडे वळले. "खरेदीखतं किती झाली यातली?"

"ते म्या कधी पाह्यलं नाही," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

बाबांनी सांगितलं, आमच्याकडे इसार हातावर पडला, चार माणसांत गूळ वाटला, की दलालाचं काम संपलं. पुढं कचेरीत दोन्ही घरं जातात. तिथं दलाल उभा राहिला तर लोक म्हणतात, हा दलालीसाठी ताटकळतो. ते कधीच त्या पायरीवर गेले नव्हते.

"मग एकतीस कशावरून?"

"गूळ एकतीस वेळा वाटला साहेब."

मला बसवेना. "साहेब, हे माझे वडील आहेत," मी म्हणाले.

बाबा घाईनं बोलले, "तिले मालूम नव्हतं म्या येऊन राह्यलो ते. तिच्या नोकरीचं काही—"

"मला सोमवारपासून माहीत होतं," मी म्हणाले.

भगवंतराव रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी अर्ज माझ्यापुढे ठेवला. "आधी सांगायला हवं होतं. आता तुम्हीच ताडून पाहा. दुसऱ्या कोणाचा असता तसा."

मी वाचायला लागले. आवाज माझा मलाच परका वाटत होता. पूर्ण व्यवहार : गावच्या रीतीनं एकतीस खरे, खरेदीखताचा पुरावा नाही. मालमत्ता : सगळी शेती, प्लॉट एकही नाही. बाजाराची माहिती : अमडापूरकडच्या शेतीची चांगली, शहरातल्या प्लॉटची नाही. गिऱ्हाईक : जमीनवाल्या घरांशी उत्तम, नोकरदारांची सवय नाही.

"मग?" भगवंतरावांनी विचारलं.

"जाहिरातीला बसत नाहीत."

"बराबर हाय," बाबा म्हणाले. त्यांनी टोपी घातली, दोघांनाही नमस्कार केला आणि बाहेर पडले.

मी मागे धावले. ते रस्त्याच्या कडेला एसटीची वाट पाहत उभे होते. पोरीचा ताप उतरला का, विचारलं. उतरला, म्हटलं. मग मला सांगावंसं वाटलं, की मी त्यांना आधी पूर्ण मार्क दिले होते, विचारायचं मुद्दाम टाळलं होतं, त्यांच्यासाठी. मी ते सांगितलं. सांगताना वाटलं, त्यांना बरं वाटेल.

"बाकीच्याइले इचारलं तू?"

"हो. सगळ्यांना."

"म्हणजे मले इचारलं तं मी फसीन, हे तुले आधीच ठाऊक होतं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. एकतीस सौद्यांतला एखादा कच्चा दुवा सापडावा, तसे ते बोलत होते.

गाडी आली. "घरी पंजाबले म्या इथं आलतो ते बोलू नको," ते पायरीवरून म्हणाले. मी मान हलवली. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी बसले होते, आणि शेजारच्या माणसाकडे सरकून, मघासारख्याच आपुलकीनं, काहीतरी विचारत होते.